नाव ऐकू येण्याआधी

कल्हईवाले चाचा स्टुडिओत आले तेव्हा त्यांच्या खिशात मुलाने लिहून दिलेला कागद होता. 'नमस्कार, मी अमुक अमुक, गेली पस्तीस वर्षे कल्हई व्यवसायात कार्यरत असून...' चाचांनी तो एकदा वाचून दाखवला. आवाज छान, खर्जातला. पण वाचून झाल्यावर मी डोळे मिटून नाव आठवायला गेलो, तर आठवेना. समोर बसलेल्या माणसाचं नाव मला आठवत नाही, मग घरी भाजी निवडत ऐकणाऱ्या बाईंना कुठून आठवणार?

नैमित्तिक निवेदक म्हणून रेडिओवर आणि आता पॉडकास्टसाठी पाहुण्यांशी बोलता बोलता मला या पहिल्या वीस सेकंदांचं वेडच लागलं आहे. इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं आणि पॉडकास्ट हा शब्द २००४ मधला. माध्यमं बदलली, पण ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही ही अडचण तीच राहिली.

नवा आवाज कानावर पडला की पहिले चार-पाच शब्द तो आवाज ओळखीचा करून घेण्यातच जातात. नेमकं तिथेच आपण नाव ठेवतो आणि ते वाहून जातं. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, आधी काम सांगा, मग नाव. नावाआधी श्वासभर थांबा, नाव आणि आडनाव यांच्यात किंचित जागा सोडा, आणि आडनावाचा शेवट गिळू नका. वाक्य संपताना आवाज उतरतो, तेव्हा नेमकं आडनाव बुडतं.

फोनवरून बोलणाऱ्यांची पंचाईत आणखी वेगळी. जुन्या पद्धतीची फोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पलीकडे पोचवते. 'स'चा सीत्कार बराचसा त्याच्या वरचा, त्यामुळे 'साठे' आणि 'फाटे' यांतला फरक पुसट होतो. अशा वेळी निवेदकाने आडनाव आपल्या तोंडून, स्टुडिओतल्या माइकवर, पुन्हा म्हणावं. पाहुण्याने ओरडून उपयोग नाही, कारण जो भाग लाइनवरून जातच नाही तो जोर लावूनही जात नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या फार आवडीची, ती म्हणजे मराठी नमस्कार. आपण 'नमस्कार' म्हणताना हात जोडतो, मान लवते, आणि तोंड माइकपासून हलतं. मग पहिला शब्द एक तर अर्धाच उमटतो किंवा धपकन आदळतो. माइक वीतभर अंतरावर आणि तोंडाच्या जरा बाजूला ठेवला की प, फ, ब, भ यांचे फुंकरीचे धक्के टळतात. नमस्कार मात्र मान न हलवता करायचा, आणि हे शिकायला मोठमोठ्या वक्त्यांनाही दोन-तीनदा म्हणून बघावं लागतं. आपल्या भाषेची एक सोय मात्र आहे. 'करतो' की 'करते' हे ऐकलं की बोलणारा पुरुष की स्त्री ते कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

चाचांचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "चाचा, काल काय केलंत?" ते म्हणाले, "एवढं पातेलं होतं," आणि दोन्ही हात पसरले. मी म्हटलं, "ऐकणाऱ्याला हात दिसत नाहीत." थोडा विचार करून म्हणाले, "वीस माणसांची आमटी होईल एवढं." मग ओळख अशी बसली:

"काल माझ्याकडे एक पितळी पातेलं आलं, वीस माणसांची आमटी होईल एवढं. आत हिरवट डाग. भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला. मग कथील लावून कापसाने फिरवलं, आरशासारखं झालं. मी कल्हई करतो. माझं नाव..." इथे एक श्वास, आणि मग नाव.

नावासकट पस्तीसेक शब्द, वीस-बावीस सेकंद. 'पस्तीस वर्षे' मी काढून टाकली, पुढे गप्पांत ती आपसूक येतात. हा क्रम रेडिओसाठी. पॉडकास्टमध्ये नाव शीर्षकात दिसतं, तिथे ओळख आवाजाची करून द्यावी लागते. दोन पुरुष पाहुणे सारख्या पट्टीत बोलत असतील तर प्रत्येक प्रश्नाआधी निवेदकाने नाव घ्यायलाच हवं. रेडिओवर मधूनच ऐकू लागणाऱ्यांसाठीही ते उपयोगी पडतं.

मी एक चाचणी नेहमी करतो. ध्वनिमुद्रण झालं की सुरुवातीचा तेवढा तुकडा शेजारच्या खोलीत, दार अर्धं लोटून, कुणालातरी ऐकवायचा आणि ऐकलेलं नाव लिहून घ्यायचं. चाचांचा तुकडा कॅन्टीनमधल्या मावशींना ऐकवला. त्यांनी नाव बरोबर सांगितलं, आणि विचारलं, "आमचा मोठा टोप आहे, तो करतील का?"