कॉल सेंटरमध्ये सगळ्यांना एकदमच चहाला का सोडत नाहीत? शिफ्ट आणि ब्रेकचं गणित समजून घ्या

देवळाली कॅम्पमधून लॅम रोडने नाशिकरोड किंवा पुढे शहरात बीपीओच्या नोकरीला जाणारी मुलं-मुली तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. मित्र ९ ला जातो, मला १२ ला बोलावतात. जेवायला एकत्र बसता येत नाही. चहाचा ब्रेक ११:१५ ते ११:३० म्हणजे तेवढाच, पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली की टीम लीडर विचारतो.

हा नियम कुणाच्या मनात आला म्हणून केलेला नसतो, त्यामागे गणित असतं. एका छोट्या हेल्पलाइनचं उदाहरण घेऊन आपण ते सोडवूया. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत तीच आहे जी मोठ्या सेंटरमधलं सॉफ्टवेअर वापरतं.

आधी मागणी मोजायची

आपली हेल्पलाइन सकाळी ९ ते रात्री ९ चालू आहे. मागच्या काही आठवड्यांचे कॉल तासानुसार पाहून पुढचा अंदाज काढतात. सोमवारचा अंदाज आधीच्या सोमवारांवरून काढायचा, रविवारवरून नाही. आपला अंदाज असा आहे:

- सकाळी ९ ते १० : ३६ कॉल
- सकाळी १० ते संध्याकाळी ७ : दर तासाला ८४ कॉल
- संध्याकाळी ७ ते रात्री ९ : दर तासाला ३६ कॉल

एका कॉलला सरासरी ५ मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद लागतात. यात बोलणं आलं आणि कॉल संपल्यावर सिस्टिममध्ये नोंद करायचा वेळही आला. आता मोबाइलवर शीट उघडून हे टाका:

```
=84*300/3600
```

उत्तर येतं ७. म्हणजे त्या तासात ७ माणसांना श्वास न घेता पुरेल इतकं काम आहे. या एककाला ‘अर्लांग’ म्हणतात. ए. के. अर्लांग हा डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचा. १९१७ मध्ये त्याने फोनच्या रांगेची जी सूत्रं मांडली, ती आजही कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

७ माणसांचं काम आहे, मग १० का लागतात?

कारण कॉल शिस्तीत, एकामागून एक येत नाहीत. कधी दोन मिनिटं शांतता असते, तर कधी एकदम सहा फोन वाजतात. शांततेत वाया गेलेला वेळ साठवून पुढच्या गर्दीत वापरता येत नाही. बरोबर ७ च माणसं बसवली, तर एकदा साठलेली रांग मोकळी व्हायला फुरसतच मिळत नाही आणि ती वाढतच जाते.

अर्लांगच्या सूत्राने तासाला ८४ कॉलसाठी काय होतं ते पाहा:

- १० माणसं : सरासरी थांबणं २२ सेकंद, ८२ टक्के कॉल २० सेकंदांत उचलले जातात
- ९ माणसं : थांबणं ५८ सेकंद, २० सेकंदांत ६६ टक्के
- ८ माणसं : थांबणं ३ मिनिटांपेक्षा जास्त, २० सेकंदांत फक्त ४१ टक्के

‘८० टक्के कॉल २० सेकंदांत’ हे या धंद्यात सर्रास वापरलं जाणारं लक्ष्य आहे. त्यासाठी गर्दीच्या तासाला १० माणसं फोनवर हवीत. ३६ कॉलच्या तासाला याच हिशोबाने ६ लागतात (५ जणांत ७९ टक्के होतात, म्हणजे थोडक्यात हुकतं).

आता चहाचा मुद्दा लक्षात येईल. १० जणांमधून एकजण उठला की ग्राहकाचं थांबणं दुपटीहून जास्त होतं. दोघं मित्र सोबत उठले की ते जवळजवळ नऊ पट होतं. तिघं उठले की रांगेला शेवटच राहत नाही. माणसं एक-एक करून कमी होतात, पण रांग मात्र उड्या मारत वाढते. ब्रेक एकेकाला देण्यामागचं खरं कारण हेच आहे.

शिफ्टची सुरुवात वेगवेगळी का?

प्रत्येकाची शिफ्ट ९ तासांची धरूया: ८ तास काम, अर्ध्या तासाचं जेवण आणि १५-१५ मिनिटांचे दोन चहा. सोपा मार्ग म्हणजे दोनच शिफ्ट, ९ ते ६ आणि १२ ते ९.

सकाळी १० ते १२ या वेळात १० जण फोनवर हवेत, शिवाय चहाला जाणाऱ्याच्या जागी एक जास्तीचा हवा. म्हणजे ९ च्या शिफ्टला ११. संध्याकाळी ६ ते ७ मध्येही तेवढेच हवेत, म्हणून १२ च्या शिफ्टलाही ११. एकूण झाले २२ जण. पण सकाळी ९ ते १० आणि रात्री ७ ते ९ ला ६ च हवे असताना तिथे ११ बसलेत, आणि दुपारी तर २२ जण एकाच वेळी हजर!

आता मध्ये एक १० ते ७ ची शिफ्ट घालूया:

- ९ ते ६ : ७ जण
- १० ते ७ : ४ जण
- १२ ते ९ : ७ जण

तपासून पाहा. सकाळी ९ ते १० ला ७ हजर, लागतात ६. १० ते १२ ला ७ अधिक ४ म्हणजे ११, लागतात १०. संध्याकाळी ६ ते ७ ला ४ अधिक ७, म्हणजे पुन्हा ११. शेवटचे दोन तास ७, लागतात ६. एकूण १८ जणांत काम झालं. चार माणसं वाचली आणि कुणाचेही तास वाढले नाहीत.

१७ मध्ये होईल का? नाही. सकाळी १० ते ११ ला ११ जण हवेत आणि रात्री ८ ते ९ ला ७ हवेत. ९ तासांच्या शिफ्टमध्ये एकच माणूस या दोन्ही वेळांना हजर राहू शकत नाही. म्हणून ११ अधिक ७, म्हणजे १८ च्या खाली जाताच येत नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटला तो टोलनाक्यावर. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीतल्या लेस्ली एडी यांनी तिथल्या पुलावरच्या आणि बोगद्यावरच्या टोलच्या रांगा मोजल्या. कोणत्या वेळी किती बूथ उघडे हवेत आणि वसुली करणाऱ्यांना सुट्टी केव्हा द्यायची, ते त्यांनी त्यावरून ठरवलं. त्याच वर्षी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी दाखवलं की, ‘प्रत्येक तासाची गरज भागली पाहिजे आणि माणसं कमीत कमी लागली पाहिजेत’ हा प्रश्न समीकरणांत मांडून सोडवता येतो. घोटीच्या टोलनाक्यावरची रांग आणि हेल्पलाइनवरची रांग, दोन्हीमागचं गणित एकाच घरातलं आहे.

आता ब्रेक बसवूया

सकाळी ९ ला आलेल्या ७ जणांचा पहिला चहा १० ते ११:४५ मध्ये, एका वेळी एकच. ७ गुणिले १५ मिनिटं म्हणजे १०५ मिनिटं, बरोबर बसतं. फोनवर कायम १० राहतात. १२ ला आलेल्यांचा दुसरा चहा असाच संध्याकाळी ७ ते ८:४५ मध्ये, एकेक करून.

बाकीचे ब्रेक दुपारी, कारण १२ ते ६ मध्ये १८ जण हजर असतात आणि लागतात १०. ९ वाल्यांचं जेवण १२:३० ते २ मध्ये तीन तुकड्यांत, १० वाल्यांचं २ ते ३ मध्ये दोन तुकड्यांत, १२ वाल्यांचं ३:३० ते ५ मध्ये तीन तुकड्यांत. उरलेले चहा मधल्या जागांत बसतात. एवढं करूनही दुपारी काही माणसं मोकळी राहतात. ट्रेनिंग आणि टीम मीटिंग बहुतेक वेळा दुपारीच का असते, ते आता कळलं असेल.

कायद्याची चौकटही पाळावी लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मूळ तरतूद अशी आहे: दिवसाला जास्तीत जास्त ९ तास, आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम करायचं तर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या मर्यादांमध्ये बदल करायला मंजुरी दिली, त्यामुळे सध्याचा नियम पाहून घ्या. आपल्या वेळापत्रकात कुणीच पाच तास सलग बसत नाही. रोस्टरमध्ये तुमचं जेवण सहाव्या-सातव्या तासाला ढकललेलं दिसलं, तर विचारायला हरकत नाही.

गडबड कुठे होते?

पहिली गडबड ब्रेक परस्पर बदलण्यात होते. १०:३० चा चहा सोडून तुम्ही मित्रासोबत १०:४५ ला गेलात. १०:३० ला ११ जण फोनवर होते, म्हणजे एक जास्तीचा. १०:४५ ला मात्र ९ च उरले. दोघांनी मिळून ब्रेक तेवढाच घेतला, पण त्या पंधरा मिनिटांत उरलेल्या ९ जणांवर कॉल आदळले. बदल हवाच असेल तर एकाने दुसऱ्याची वेळ घ्यायची आणि आपली त्याला द्यायची. मग आकडा हलत नाही.

दुसरी गडबड म्हणजे १८ चा आकडा पगारपत्रकाचा समजणं. १८ ही रोज हजर असलेली माणसं आहेत. सेंटर आठवडाभर चालतं आणि प्रत्येकाला एक साप्ताहिक सुट्टी आहे, तर १८ गुणिले ७ भागिले ६ म्हणजे २१ जण लागतात. त्यात १० टक्के लोक रजेवर किंवा आजारी धरले, तर २१ भागिले ०.९, म्हणजे २४. कंपनीने १८ च नेमले असतील, तर ब्रेक कितीही हुशारीने लावा, ओढाताण होणारच.

तिसरी गोष्ट सूत्राच्या मर्यादेची. हे सूत्र धरून चालतं की ग्राहक फोन कापत नाही. प्रत्यक्षात लोक कंटाळून कापतात आणि काही पुन्हा लावतात. त्यामुळे रांग लांबली की सूत्राचे आकडे जसेच्या तसे जुळत नाहीत, पण दिशा तीच राहते.

रोस्टर चुकलंय का हे ओळखायचं असेल, तर दिवसाची सरासरी पाहू नका. दुपारी जास्त माणसं असल्यामुळे ती छान दिसते आणि सकाळचा खड्डा तिच्यात लपतो. रिपोर्ट अर्ध्या-अर्ध्या तासाचा मागा. रोज ठरावीक अर्ध्या तासातच आकडा कोसळत असेल, तर तिथले ब्रेक एकमेकांवर चढलेले आहेत किंवा शिफ्टची सुरुवात चुकलेली आहे. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी कोसळत असेल, तर आधी अंदाज आणि हजेरी तपासा.