गल्ल्यात २४० रुपये कमी. पगारातून कापण्याआधी काय तपासाल?

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातल्या हॉटेलात दुपारी तीन वाजता गल्ल्यावरचा माणूस बदलतो. समजा, सकाळपाळीच्या हिशेबात २४० रुपये कमी भरले. हे पैसे कोणाकडून वसूल करायचे? त्याआधी ते खरेच गेले आहेत का, हे पाहावे लागते.

सुरुवात किती रुपयांनी?
सुट्ट्यांसाठी गल्ल्यात रोज ठरावीक रक्कम ठेवावी. उदाहरणार्थ, २,००० रुपये : शंभराच्या १०, पन्नासच्या १०, विसाच्या १५ आणि दहाच्या २० नोटा. ही रक्कम विक्रीत धरायची नाही.

हिशेब कसा जुळवायचा?
सकाळपाळीची एकूण बिले १४,६०० रुपयांची झाली. वहीत यूपीआयचे ६,१५० आणि उधारीचे ४५० लिहिले आहेत. म्हणजे रोख विक्री ८,००० रुपये. दूध आणि भाजीसाठी गल्ल्यातून १,००० दिले. सुरुवातीचे २,००० मिळवले, की गल्ल्यात ९,००० हवेत. मोजल्यावर भरले ८,७६०.

२४० रुपये गेले कुठे?
आधी यूपीआयच्या ॲपमधील त्या पाळीची जमा पाहावी. तिथे ६,३९० दिसतात, म्हणजे वहीपेक्षा नेमके २४० जास्त. एका टेबलाचे बिल ऑनलाइन आले, पण वहीत ‘रोख’ लिहिले गेले. पैसे हरवलेच नव्हते.

ॲपमधील जमा वहीशी जुळत असेल, तर फरकाचा आकडा पाहावा. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आकडे उलटे लिहिले गेल्याची शक्यता असते. ४५० ऐवजी ५४० लिहिले की ९० चा फरक पडतो. नेमके ४०० कमी असतील, तर शंभराची नोट पाचशेची समजून सुट्टे दिले गेले असू शकतात. दूध-भाजीची नोंद राहिली का, हेही पाहावे.

गल्ला सोपवताना काय करावे?
जाणाऱ्याने नोटा मोजाव्यात आणि येणाऱ्याने त्याच्यासमोरच पुन्हा मोजाव्यात. २,००० गल्ल्यात ठेवून उरलेले ६,७६० मालकाकडे द्यावेत. फरकासह आकडा लिहून दोघांनी सही करावी. मोजणी झाल्याशिवाय नव्या पाळीचे बिल घेऊ नये, नाहीतर चूक कोणत्या पाळीतली हे कळत नाही. पैसे जास्त भरले तरी ते लिहावेत. उद्याची तूट भरायला ते बाजूला ठेवले, तर दोन्ही चुका झाकल्या जातात.

तूट खरीच असेल तर?
वेतन संहिता, २०१९ नुसार हिशेबाची जबाबदारी असलेल्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच पैसे गेले असतील, तर ते पगारातून कापता येतात. पण आधी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. कपात तुटीपेक्षा जास्त नसावी आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत. एकाच गल्ल्यात तिघे हात घालत असतील, तर निष्काळजीपणा एकाचाच होता हे दाखवणे अवघड जाते. म्हणून एका पाळीत गल्ल्याची किल्ली एकाकडेच असावी.