रबर ताणला, तरी सूर चढेना

विज्ञानाच्या प्रयोगवहीत एक वाक्य हमखास सापडतं: रबरबँड जितका जास्त ताणावा तितका त्याचा सूर चढतो. वाक्य पाठ करायला सोपं आहे, पण पडताळून बघायला गेलं की फजिती होते. एकाने साधा रबरबँड दोन्ही हातांच्या बोटांत धरून ताणावा, दुसऱ्याने तो छेडत राहावा. हात लांब जातात, रबर तुटायला येतो, आणि सूर मात्र जवळजवळ होता तिथेच घुटमळतो. ही गंमत समजून घ्यायची तर आधी पट्टीकडे वळावं लागतं, कारण ध्वनी तयार होताना डोळ्यांना दिसतो तो तिथेच.

एक मिलिमीटर जाडीची स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर ठेवायची, वीस सेंटिमीटर भाग बाहेर काढायचा आणि टोक दाबून सोडून द्यायचं. टोक वरखाली थरथरताना स्पष्ट दिसतं आणि त्याबरोबर खर्जातली एक घरघर कानावर येते. पट्टी हवेला ढकलते, मागे येते, पुन्हा ढकलते. हवेतले हे धक्के कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात, तोच आवाज. एवढ्या लांबीला पट्टी सेकंदाला साधारण वीस वेळा हलते, आणि माणसाच्या कानाची खालची मर्यादाही तिथेच आहे. बाहेरचा भाग निम्मा, म्हणजे दहा सेंटिमीटर केला की हेलकावे सेकंदाला ऐंशीच्या घरात जातात. डोळ्यांना आता फक्त धूसर पंखा दिसतो, पण कानाला सूर नीट कळतो. पाच सेंटिमीटरवर हाच आकडा ३२० च्या आसपास पोचतो. लांबी निम्मी झाली की कंपनं चौपट होतात, म्हणजे सूर एकदम दोन सप्तकं वर उडी मारतो.

हा प्रयोग बहुतेकदा फसतो तो एकाच जागी. पट्टी टेबलाच्या अगदी कडेशी घट्ट दाबलेली नसेल तर ती टेबलावर आपटत राहते आणि सुराऐवजी खडखडाट ऐकू येतो. अशा वेळी तळहात कडेवर आणून ठेवावा, सूर लगेच स्वच्छ होतो. टोक जास्त दाबून सोडलं तर आवाज मोठा होतो, पण सूर चढत नाही. मुलं या दोन गोष्टींची गल्लत नेहमी करतात, म्हणून त्या एकापाठोपाठ एक करून दाखवलेल्या बऱ्या.

सूर म्हणजे कंपनांची संख्या, हे मोजून दाखवायला सतराव्या शतकात माणसांनी अशीच युक्ती केली होती. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने शंभर फुटांहून लांब दोर ताणला, म्हणजे त्याची कंपनं डोळ्यांनी मोजता येतील इतकी सावकाश होतील. तारेची लांबी, ताण आणि वजन यांचा सुराशी काय संबंध असतो ते नियम त्याने १६३६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. तार निम्मी केली की कंपनं दुप्पट. ताण वाढवून सूर एक सप्तक वर न्यायचा तर मात्र ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. हे शेवटचं गणित गॅलिलिओच्या वडिलांनी, व्हिन्चेंझो गॅलिली या ल्यूटवादकाने, तारांना वजनं टांगून त्याआधीच ताडलं होतं.

आता रबराचं कोडं सुटतं. समजा, दहा सेंटिमीटरचा रबर ताणून वीसचा केला आणि मग तीसचा. मूळ लांबीपेक्षा तो आधी दहा सेंटिमीटर जास्त होता, आता वीस सेंटिमीटर जास्त आहे. म्हणजे ताण ढोबळमानाने दुप्पट झाला. रबर पातळही झाला, त्यामुळे दर सेंटिमीटरचं वजन घटलं. या दोन्ही गोष्टी सूर वर ढकलतात. पण थरथरणारी लांबीच दीडपट झाली आहे, आणि ती सूर खाली ओढते. हिशेब केला तर १०० कंपनांची जेमतेम ११५ होतात. सा वरून निघालेला सूर रे ओलांडतो न ओलांडतो तोच थांबतो. लांबी तेवढीच राहिली असती तर तो धैवताच्याही पुढे गेला असता. खरा रबर या सरळ हिशेबाप्रमाणे तंतोतंत वागत नाही. तुटायच्या बेतात आला की तो एकदम कडक होतो आणि तेव्हा सूर थोडा चढलेला जाणवतो.

पुस्तकातलं वाक्य खरं करून दाखवायचं तर लांबी बांधून टाकावी लागते. इथे पत्र्याचा डबा कामाला येतो. दूध पावडरचा, गोल आणि धार नसलेल्या काठाचा डबा घ्यावा. कात्रीने किंवा ओपनरने कापलेला डबा नको, बोट चिरतं. मोठा रबरबँड डब्याच्या तोंडावरून आणि बुडाखालून असा उभा गुंडाळायचा. तोंडावरचा तुकडा छेडायचा, आणि छेडता छेडता डब्याच्या बाजूवरचा रबर दुसऱ्या हाताने खाली ओढायचा. थरथरणारा भाग डब्याच्या तोंडाएवढाच राहतो, ताण तेवढा वाढतो, आणि सूर सरसर चढतो. मघाशी जो हात लांबवूनही मिळत नव्हता तो इथे बोटभर ओढीत मिळतो. ओढ सोडली तरी कधीकधी सूर पूर्ण उतरत नाही, कारण रबर काठाला चिकटून बसतो. किंचित उचलून सोडला की मूळ जागी येतो.

जाड रबराचा सूर खालचा, हे दुसरं ठरलेलं वाक्यही याच डब्यावर गोत्यात येतं. एकाच मापाचे, एकाच प्रतीचे, एक जाड आणि एक बारीक असे रबर शेजारी शेजारी चढवले तर दोघांचे सूर जवळपास सारखे निघतात. जाड रबर जड असतो हे खरं, पण तेवढ्याच लांबीला ताणला की तो ओढतोही तेवढ्याच पटीने जास्त. वजनाचा परिणाम एकट्याने बघायचा तर ताणलेल्या रबराच्या मधोमध चिकटपट्टीचा छोटासा तुकडा गुंडाळावा. ताण बदलत नाही, फक्त वजन वाढतं, आणि सूर लगेच उतरतो.

डब्याचं आणखी एक काम आहे. बोटांत धरलेला रबर जेमतेम ऐकू येतो, कारण एवढीशी पट्टी हलली की हवा तिच्या बाजूने निसटून जाते. डब्यावर चढवला की तो काठ हलवतो, काठ सगळा पत्रा हलवतो, आणि पत्र्याला ढकलायला भरपूर हवा सापडते. फूटपट्टी लाकडी टेबलावर मोठ्याने वाजते आणि गादीवर दाबून धरली की मुकी होते, तेही याच कारणाने.

पोवाड्यात आणि गोंधळात वाजणारं तुणतुणं याच तत्त्वावर चालतं. खाली पोकळ नळकांडं, त्याच्या बुडाला कातडं, कातड्यातून निघून दांडीवरच्या खुंटीला गेलेली एकच तार. तार कातडं हलवते, कातडं हवा हलवतं. तिथे रबर मात्र चालणार नाही. रबर आपल्याच अंगात कंपनं जिरवून टाकतो, म्हणून त्याचा आवाज ठुप्प होऊन विझतो. पोलादी तारेत ते रेंगाळतं. शिवाय तार कितीही आवळली तरी तिची लांबी नजरेला कळेल एवढीही वाढत नाही. खुंटीचा जरासा पीळ सगळाच्या सगळा ताणात जातो, आणि गायकाचा सूर गाठायला तेवढा पुरतो.