तीन द्रव, तीन डबे: गॅरेजमधलं काळं तेल देताना

मंडळी, आपल्या अंबड-सातपूर भागातल्या छोट्या टू-व्हीलर गॅरेजचा हिशेब करू. दिवसाला वीस गाड्यांचं ऑईल बदललं आणि प्रत्येकीतून साधारण एक लिटर निघालं, तर २०० लिटरचं बॅरल दहा दिवसांत भरतं. या काळ्या तेलाला पैसे मिळतात, कारण ते शुद्ध करून पुन्हा बेस ऑईल बनवता येतं. पण एक अट आहे. त्यात दुसरं काही मिसळलेलं नको.

गडबड इथेच होते. शेजारी चारचाकीचं काम चालू असतं, रेडिएटरमधून पाच लिटर कूलंट निघतं आणि पोरगा ते त्याच बॅरलमध्ये ओततो. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल. ते तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. बॅरल हलवलं की दोन्ही एकजीव होऊन दुधाळ चहासारखं दिसतं, आणि मग वेगळं करणं अवघड होतं. ब्रेक ऑईलला आपण ऑईल म्हणतो खरं, पण डॉट ३, डॉट ४ हीसुद्धा ग्लायकॉलच्याच कुळातली. तेही तेलात नको. म्हणून तीन डबे, तिन्हींवर नाव आणि तारीख.

पाणी आहे का, हे कसं ओळखायचं? तापलेल्या पत्र्यावर तेलाचा एक थेंब टाका. तडतडला, तर पाणी आहे. हे चष्मा लावून, आगीपासून लांब करायचं, बरं का.

आता पावसाळा. बॅरल उघड्यावर उभं असेल, तर वरच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा आतली हवा फुगते, रात्री थंड होऊन आकसते आणि सैल बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून बॅरल छपराखाली, सिमेंटच्या फरशीवर, भोवती छोटा कठडा घालून ठेवावं. कूलंटचा डबा झाकलेलाच हवा. त्याला गोडसर चव असते, कुत्री चाटतात आणि मरतात.

देताना भाव बघण्याआधी परवाना बघा. घेणाऱ्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता हवी. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार साठा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो, आणि माल जाताना फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट भरायचं असतं. त्याची आपली प्रत जपून ठेवा. नाहीतर तेच तेल भट्टीत जळतं किंवा सेंटरिंगच्या फळ्यांना लागतं, आणि आपल्या हातात कागद काहीच नाही.

तेल घेणारा कूलंट आणि ब्रेक ऑईल घेईलच असं नाही, ते आधी विचारा. नाही म्हणाला, तर रांजणगावसारख्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे पाठवायची सोय मंडळाच्या नाशिक कार्यालयात विचारून घ्या. गटारात मात्र नको, ते शेवटी गोदावरीतच जातं.