परदेशी जाणाऱ्या मित्रास अभिनंदनपर पत्र कसे लिहावे?

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय आला की बहुतेक वह्यांत 'उत्तुंग भरारी' आणि 'यशाचे शिखर' हमखास सापडते. मित्र कोण, तो कुठे चाललाय, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही!

आधी एक फरक पाहू. अभिनंदन करायचे ते घडून गेलेल्या गोष्टीचे, आणि शुभेच्छा द्यायच्या पुढे घडणाऱ्या गोष्टीसाठी. प्रवेश मिळाला, व्हिसा आला, त्याचे अभिनंदन. तिथल्या शिक्षणासाठी शुभेच्छा. म्हणून अभिनंदन पत्राच्या सुरुवातीला येते आणि शुभेच्छा शेवटी.

मधली जागा अवघड. आनंद तर झालाय, पण मित्र दूर जातोय याचे वाईटही वाटतेय. मुले लिहितात, 'मला आनंद झाला, पण तू जाणार म्हणून खूप रडू आले.' या 'पण'ने आधीचा आनंद पुसला जातो. वाचणाऱ्याला वाटते, आपण जाऊन चूकच करतोय की काय! म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहा. 'जाऊ नकोस' असे तर गमतीतही नको, कारण त्याचे तिकीट काढून झालेले असते.

आणि 'तुझी आठवण येईल' एवढ्यावर थांबू नका. आठवण केव्हा येईल ते सांगा. आपल्याकडे 'करमणे' हा किती छान शब्द आहे! 'तू गेल्यावर मला करमणार नाही' यात रोजच्या दिवसातली रिकामी जागा दिसते आणि मित्रावर दोषही येत नाही.

हा नमुना पाहा. मित्र शिकायला जर्मनीला निघालाय.

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.
काल तुझा फोन आला आणि व्हिसा मिळाल्याचे कळले. मनापासून अभिनंदन! नोकरी सांभाळून रात्री बारापर्यंत तू जर्मन भाषा शिकत होतास, ते मी जवळून पाहिले आहे.
आता रविवारचा नाक्यावरचा चहा मला एकट्यालाच प्यावा लागेल. सुरुवातीला अजिबात करमणार नाही, हे सांगून टाकतो. हिवाळ्यात तुझ्याकडे दुपारचे साडेतीन वाजतील तेव्हा इथे रात्रीचे आठ. रविवारी त्या वेळेला फोन करत जा.
पुढच्या शिक्षणासाठी खूप शुभेच्छा.
तुझाच मित्र

'रात्री बारापर्यंत' या दोन शब्दांमुळे अभिनंदन खरे वाटते. ते काढून 'तू खूप कष्ट केलेस' असे लिहून बघा, लगेच फरक कळेल. (वेळेचेही नीट बघा हं. जर्मनीत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे साडेचार तासांचा फरक साडेतीनवर येतो.)

तुम्ही लिहाल तेव्हा चहाच्या जागी तुमचे आणि तुमच्या मित्राचे जे काही असेल ते येऊ द्या. सायकल, क्रिकेट, उधार घेतलेली वही, काहीही चालेल.