‘इफेमरल’ : दिवसावर बेतलेला शब्द

इंग्रजी कवितेत वारंवार भेटणाऱ्या ‘इफेमरल’ या शब्दाला मराठी शब्दकोश ‘क्षणभंगुर’ किंवा ‘अल्पजीवी’ असा प्रतिशब्द देतात. तो चुकीचा नाही. पण कवींना या शब्दाची ओढ का वाटते, हे त्यातून उमगत नाही. मूळ ग्रीक शब्दात क्षण नाही, दिवस आहे. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. प्राचीन ग्रीक वैद्य एका दिवसात उतरणाऱ्या तापाला हे विशेषण लावीत. अ‍ॅरिस्टॉटलने एक दिवस जगणाऱ्या एका कीटकाची नोंद याच नावाने केली. (या वर्गातील कीटकांच्या अळ्या पाण्याखाली कित्येक महिने वाढतात. एका दिवसाचे असते ते केवळ पंख फुटल्यानंतरचे आयुष्य!) इंग्रजीतही सोळाव्या शतकात हा शब्द आला तो तापाच्या संदर्भात.

कवींनी मात्र त्यात आणखी काही पाहिले. इ. स. पूर्व 446 मध्ये पिंडार या ग्रीक कवीने एजिना बेटावरच्या एका विजयी तरुण मल्लासाठी स्तोत्र रचले. विजयाचा जल्लोष चालू असताना, स्तोत्राच्या अखेरीस तो समस्त मानवजातीला याच शब्दाने हाक मारतो. ‘अल्पायुषी माणसांनो’ असा त्याचा अर्थ बराच काळ लावला जाई. 1946 मध्ये हर्मन फ्रेंकेल या अभ्यासकाने त्याला हरकत घेतली. त्याच्या मते येथे मुद्दा आयुष्याच्या लांबीचा नसून, माणूस दिवसाच्या हाती असण्याचा आहे. दिवस पालटला की त्याचे दैव पालटते आणि मनही. आजच्या विजेत्याला उद्याची खात्री नाही. सर्वच अभ्यासकांना हे मान्य नसले, तरी मल्लाच्या स्तोत्रात हा अर्थ चपखल बसतो, हे खरे.

ऑडेन या इंग्रजी कवीने 1937 मधील ‘ललबाय’ या कवितेच्या पहिल्याच कडव्यात हा शब्द योजला आहे. त्याच्या थोडे आधी, त्याच कडव्यात, ‘ताप’ हा शब्द येतो. शब्दाचा वैद्यकीय पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला या शेजारातून एक जादा अर्थ लाभतो : देहाचे सौंदर्य तापासारखेच येते आणि उतरते. ‘शॉर्ट-लिव्हड’ या साध्या शब्दाला हे साधले नसते.

मराठी अनुवादकाची खरी अडचण येथेच आहे. ‘क्षणभंगुर’मध्ये ‘भंग’ आहे. बुडबुडा फुटावा तसे काहीतरी फुटते. ‘इफेमरल’मध्ये काही फुटत नाही, सकाळ होते, ऊन चढते आणि संध्याकाळ होते. त्यात कोवळेपणाला, भराला आणि ओसरण्याला अवकाश आहे, आणि कवितेला तो हवा असतो. ‘एकदिवसीय’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीला सर्वांत जवळचा. पण तो कवितेत घातला, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचा सामना उभा राहील!