खिचडी साडेचारला, वर्ग सहाला

पुण्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास कुठल्याही पेठेतून फेरफटका मारा. एखाद्या वाड्याच्या माडीवरून तबल्याचा ठेका आणि घुंगरांचा आवाज ऐकू येतो. एखाद्या सभागृहात सतरंज्या अंथरून आसनांचा वर्ग सुरू झालेला असतो. या वर्गांना जाणाऱ्या मुलामुलींना एक सूचना हमखास मिळते: “भरल्या पोटी येऊ नका.” ही सूचना तुम्हीही ऐकली असेल. पण ‘भरलेले पोट’ म्हणजे नेमके किती भरलेले? जेवणानंतर किती वेळाने ते रिकामे होते? आणि पोट भरलेले असताना वाकले किंवा गिरक्या घेतल्या, तर मळमळते का?

या प्रश्नाचे एक नेमके उत्तर पुण्यातच मिळते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि पुढे इथेच स्थायिक झाले. १९७५ साली त्यांनी इथे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. त्यांचे ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात आसने करणाऱ्यांसाठी खाण्याच्या वेळांचे नियम दिले आहेत. आसने शक्यतो रिकाम्या पोटी करावीत. ते जमत नसेल तर आधी कपभर चहा, कॉफी, कोको किंवा दूध घ्यावे. अगदी हलके खाल्ले असेल तर तासाभराने आसने करायला हरकत नाही. भरपेट जेवण झाले असेल तर मात्र निदान चार तास जाऊ द्यावेत. आसने झाल्यावर अर्ध्या तासाने जेवावे.

हलक्या खाण्याला एक तास आणि जडाला चार तास, हे आकडे शिकवण्याच्या दीर्घ अनुभवातून आलेले आहेत. पण त्यांमागे जठराच्या कामाची कोणती रीत आहे, ते आता पाहू.

पोटाला पडलेली खिडकी

जठरात अन्न किती वेळ राहते, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले गेले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला चुकून बंदुकीचा बार लागला. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले. तरुण वाचला, पण जखम पूर्ण बुजली नाही. पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाणारे एक भोक कायमचे राहिले. बोमाँटने १८२५ सालापासून या भोकातून प्रयोग केले. रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून तो ते जठरात सोडी आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून त्यांचे काय झाले ते पाही. १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने कोणता पदार्थ पचायला किती वेळ लागतो याचा तक्ताच दिला. शिजवलेल्या भाताला एक तास, उकळलेल्या दुधाला दोन तास, तर भाजलेल्या चरबीयुक्त डुकराच्या मांसाला सव्वापाच तास!

बोमाँटचे आकडे एकाच, तेही जखमी माणसाचे आहेत. म्हणून ते जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत. पण त्याच्या तक्त्यातून दिसणारी मुख्य गोष्ट आजही खरी आहे. सगळे अन्न सारख्या वेळात जठराबाहेर पडत नाही, आणि स्निग्ध पदार्थ सर्वांत जास्त रेंगाळतात.

जठराचा पहारेकरी

असे का होते? जठर ही नुसती पिशवी नाही, ती गिरणीही आहे. पाणी तिच्यातून चटकन निघून जाते. प्यालेल्या पाण्यापैकी निम्मे साधारण पंधरा-वीस मिनिटांत लहान आतड्यात पोचते. घन अन्नाचे तसे नाही. जठराचा खालचा भाग आकुंचन पावून ते आधी घुसळतो, पाचकरसात कालवतो आणि त्याचे कण एक-दोन मिलीमीटर इतके बारीक झाल्यावरच पुढे जाऊ देतो. त्यामुळे पहिली वीस-तीस मिनिटे घन अन्न जवळजवळ जागचे हलत नाही.

जठर आणि लहान आतडे यांच्यामध्ये स्नायूंची एक कडी असते, ती दारासारखे काम करते. दाराबाहेर लहान आतडे पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. आलेल्या घोटात स्निग्ध पदार्थ जास्त असले, तर आतड्याच्या अस्तरातून रक्तात संप्रेरके सोडली जातात आणि जठराला निरोप पोचतो: “जरा दमाने!” स्निग्ध पदार्थ पचायला आतड्याला वेळ लागतो, म्हणून पुढचा घोट उशिरा सोडला जातो.

याचा परिणाम असा, की जठर अन्न बाहेर सोडते ते अन्नातील ऊर्जेच्या मापाने. ढोबळ हिशेब धरायचा तर मिनिटाला सुमारे दोन कॅलरी. (आहारातली कॅलरी म्हणजे पदार्थविज्ञानातली किलोकॅलरी, हे लक्षात असू द्या.) हा दर माणसागणिक आणि अन्नागणिक कमीजास्त होतो, पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

उपासाच्या दिवशीचा हिशेब

आता एक उदाहरण सोडवू. आज संकष्टी आहे. कथकचा वर्ग संध्याकाळी सहाला आहे. एका विद्यार्थिनीने साडेचार वाजता ताटलीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. उपासाचे खाणे म्हणून ते ‘हलके’ आहे, असे तिला वाटते. पण त्या ताटलीत काय काय आहे?

कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम धरला, तर त्याच्या सुमारे १७५ कॅलरी होतात. शेंगदाण्याचे कूट ३० ग्रॅम, म्हणजे १७०. साजूक तूप दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम, त्याच्या ९०. एकूण ४३५. त्यांना मिनिटाला दोनने भागले, तर जठर रिकामे व्हायला २१७ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. सहा वाजता, दीड तासानंतर, १८० कॅलरी पुढे गेलेल्या असतील आणि निम्म्याहून जास्त खिचडी जठरातच असेल. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते, त्यात तुपाची भर. साबुदाणा बिचारा नुसता पिष्टमय आहे. खिचडी जड होते ती कूट आणि तूप यांमुळे!

आता मध्यम आकाराचे एक केळे घ्या. त्यात सुमारे १०० कॅलरी असतात आणि स्निग्ध पदार्थ नावापुरते. पन्नास मिनिटांत हिशेब मिटला. अय्यंगारांच्या ‘हलक्या खाण्यानंतर एक तास’ या नियमाशी हा आकडा जुळतो. ५०० कॅलरींच्या भरल्या ताटाचा हिशेब मांडला, तर चार तासांहून थोडे अधिक होतात.

म्हणजे आपल्या विद्यार्थिनीने उपास मोडण्याची गरज नाही, फक्त वेळा बदलायला हव्यात. खिचडी दुपारी एकला खावी आणि पाच वाजता एक केळे. वाटीभर पोहे तेल बेताचे घालून केले, तर त्यांना दीड-पावणेदोन तास द्यावेत. वडापावला अडीच तास तरी हवेत. दुधाबाबतही एक बारकावा आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून वर्गाआधी घ्यायचे असेल, तर साय काढलेले कपभर दूध बरे.

मग मळमळते का?

अन्न जठरात असताना आसने केली, तर दोन गोष्टी घडतात. पहिली रक्ताची. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते आणि त्यातले सुमारे दीड लिटर पचनाच्या इंद्रियांकडे जाते. जोराची तत्कारे सुरू झाली, की पायांचे स्नायू रक्त मागतात आणि शरीर पोटाकडचा वाटा कमी करते. जठराचे काम मंदावते, अन्न तिथेच थांबते आणि जडपणा वाटतो.

दुसरी गोष्ट दाबाची. अन्ननलिका जठराला मिळते तिथेही स्नायूंची एक कडी असते, ती आम्ल वर येऊ देत नाही. पश्चिमोत्तानासनात पोट मांड्यांवर दाबले जाते, शीर्षासनात तर जठर उलटेच होते. जठर भरलेले असले, तर ही कडी कमी पडते. आंबट ढेकर येतात, छातीत जळजळते. याउलट वीरासनात धड ताठ राहते आणि पोटावर दाब येत नाही. म्हणून हे आसन जेवल्यावर लगेच केले तरी चालते, असे अय्यंगारांनीच लिहिले आहे.

कारण ओळखावे कसे?

प्रत्येक मळमळ भरल्या पोटाचीच असते असे नाही. वाकताना जडपणा आणि खाल्लेल्या पदार्थाची चव असलेले ढेकर येत असतील, तर खाणे आणि वर्ग यांत अंतर कमी पडले. हात थरथरणे, घाम, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटणे ही लक्षणे उलट्या बाजूची आहेत. दुपारी बारानंतर काहीच न खाता सहाला वर्गाला आलेल्या मुलांना असे होऊ शकते. त्यांनी तासभर आधी केळे खावे.

तिसरे कारण पोटात नसून कानात असते. कथकच्या चक्करांमध्ये आतल्या कानातील द्रव फिरू लागतो आणि आपण थांबलो तरी तो क्षणभर फिरतच राहतो. डोळे सांगतात ‘थांबलो’, कान सांगतात ‘फिरतोय’, आणि या भांडणातून मळमळ होते. म्हणून प्रत्येक फेरीत नजर समोरच्या एकाच खुणेवर परत आणायला शिकवतात. मळमळ फक्त चक्करांनंतर होत असेल आणि थोड्या वेळात थांबत असेल, तर खाण्याच्या वेळा बदलून ती जाणार नाही.

पोट वारंवार दुखत असेल किंवा उलट्या होत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्या मुलांनी खाण्याच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत.

करून पाहा

एका वहीत दोन आठवडे चार रकाने भरा: काय व किती खाल्ले, किती वाजता, वर्ग किती वाजता, आणि वाकताना कसे वाटले. शेवटच्या रकान्यात शून्य ते तीन गुण द्या. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, तीन म्हणजे मध्येच थांबावे लागले. पहिल्या आठवड्यात रोज एकच पदार्थ खा, फक्त वेळ बदला. दुसऱ्या आठवड्यात वेळ तीच ठेवा आणि पदार्थ बदला. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे काय झाले ते कळणार नाही. वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून हा प्रयोग केला, तर प्रत्येकाचे आकडे थोडे वेगळे येतील. तुमच्या जठराचा दर मिनिटाला दोन कॅलरी आहे की कमीजास्त, याचा अंदाज त्या वहीतूनच निघेल.